फोनवर नुसता आकडा आला तर? (भागाचं लिखित रूप)

ज्यांना हा भाग ऐकायला रेंज मिळाली नाही, किंवा जे एसटीत बसलेत आणि हेडफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी तो लिहून देतोय. बोललो तेच आहे, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे बघा' तेवढे काढलेत.

आजचा विषय मला नारायणगडावर मिळाला. आमच्या बीड जिल्ह्यातला नारायणगड, ज्याला लोक धाकटी पंढरी म्हणतात. तिथल्या देवाचं नाव नगद नारायण. मराठीत 'नगद नारायण' म्हणजे रोख पैसा, हे तुम्हाला माहीतच आहे. पण गडाखाली नारळ-प्रसादाच्या दुकानात बसलं की कळतं, आता नगद कमी आणि स्पीकरचा आवाज जास्त. दर मिनिटाला तो छोटा डबा बोलतो: पन्नास रुपये मिळाले, वीस रुपये मिळाले. दुकानदार काका मान वर करून समोरच्या गर्दीत बघतात आणि विचारतात, "वीस कुणी टाकले? तू टाकले का रे?" आकडा आलेला असतो, पण माणूस कोण ते डबा सांगत नाही. मग नारळ कुणाला द्यायचा?

काकांचा प्रश्न वीस रुपयांचा होता. त्याच ओट्यावर माझ्याशेजारी बसलेल्या मावसभावाचा प्रश्न पाच हजारांचा निघाला. फोन वाजला, त्यानं बघितलं आणि मला म्हणाला, "दादा, माझ्या खात्यावर पाच हजार पडलेत. कुणाचे हाईत काय माहीत."

मेसेज साधारण असा होता:

```
A/c XX0000 credited Rs.5000.00
UPI Ref 000000000000
```

बस. एवढंच. पैसे पाठवताना 'टीप' लिहायला एक रिकामी जागा असते, पण ती भरलीच पाहिजे असं नाही. त्यामुळे बहुतेक जण ती तशीच सोडतात. रक्कम येते, तारीख येते, संदर्भ क्रमांक येतो. कशासाठी ते येत नाही. ते आपण आपल्या मनानं भरतो. ज्याला उधारी येणं आहे तो म्हणतो उधारी आली. ज्यानं फॉर्म भरलाय तो म्हणतो योजनेचे आले. आणि ज्याला कुणी काही देणं लागत नाही तो म्हणतो देव पावला. माझा भाऊ या तिसऱ्या गटातला. देव समोरच होता, त्यामुळे त्याला दोषही देता येईना.

आधी बघा, आकडा आलाय कुठे

पहिली गोष्ट मी त्याला करायला लावली ती म्हणजे मेसेज बंद करून स्वतःचं अॅप उघडणं. कारण फोनवर आकडा दिसणं आणि खात्यात पैसे येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'तुमच्या खात्यात 5000 जमा' असा मजकूर कुणीही टाइप करून पाठवू शकतो. बँकेचा खरा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. तो अक्षरांच्या नावानं येतो, आणि 2025 पासून त्या नावाच्या शेवटी एक खूण असते: व्यवहार असेल तर `-T`, सेवेचा असेल तर `-S`, सरकारी असेल तर `-G` आणि जाहिरात असेल तर `-P`. पण मी म्हणतो, एवढं पाठ करत बसू नका. तुमच्या अॅपमधल्या व्यवहारांच्या यादीत ती रक्कम दिसते का आणि शिल्लक वाढली का, हे बघा. दोन्ही नसेल, तर तो फक्त मजकूर आहे. त्यावर परत करण्यासारखं काही आलेलंच नाही.

तिसरा प्रकार म्हणजे मागणी. स्क्रीनवर 5000 दिसतात, खाली बटण असतं, आणि पलीकडचा फोनवर सांगत असतो की पैसे घ्यायला पिन टाका. ते पैसे येणारे नसतात, जाणारे असतात. एका माणसानं दुसऱ्याकडे अशी मागणी पाठवायची सोय यूपीआयवर ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली, म्हणून हा प्रकार कमी झाला. पण व्यापाऱ्याच्या नावानं मागणी अजून येऊ शकते. नियम जुनाच आहे आणि तो कधी बदलत नाही: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की समजा, आकडा उलट्या दिशेला निघालाय.

भावानं अॅप उघडलं. रक्कम खरोखर आलेली होती. मध्यंतरी एक गोष्ट फिरत होती की अनोळखी पैसे आल्यावर शिल्लक बघायला पिन टाकला तर खातं रिकामं होतं. तो त्यालाच घाबरत होता. शिल्लक बघायला टाकलेला पिन फक्त शिल्लक दाखवतो, त्यानं दुसरी कुठली मागणी मंजूर होत नाही. फक्त पिन टाकण्याआधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायचं: शिल्लक, की पैसे द्या.

काही आकडे स्वतःच बोलतात

मग आम्ही दोघं डोकं खाजवत बसलो, की कुणाचे असतील. काही रकमा बघितल्या बघितल्या ओळखू येतात. कुठल्या तरी कंपनीच्या नावानं एक रुपया आला असेल, तर बहुतेक वेळा ती खाते-तपासणी असते. तुम्ही कर्जाच्या, नोकरीच्या किंवा गुंतवणुकीच्या अॅपवर खाते क्रमांक दिलेला असतो. ते एक रुपया टाकून बघतात, आणि बँकेकडून उलट उत्तरात खातेदाराचं नाव घेतात. नाव जुळलं की काम झालं. पण तुम्ही कुठंच खाते क्रमांक दिलेला नसताना असा रुपया आला, तर तुमच्या नावावर कुणी काही अर्ज केलाय का याची चौकशी करा.

1500 म्हटलं की आमच्याकडे घरातल्या बायका एकदम म्हणतात, लाडकी बहीण. 2000 आले की म्हातारे म्हणतात, किसानचे पडले. हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात, आणि इथे एक गंमत होते. आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं, तिथं पैसे जातात. फॉर्मवर कुठलंही पासबुक लावलेलं असो. म्हणून 'माझे आलेच नाहीत' म्हणणाऱ्या काकूंचे पैसे कधी कधी एखाद्या विसरलेल्या खात्यावर पडून असतात, आणि तिकडे कुणी बघतच नाही.

501 किंवा 1001 आले तर तो आहेर. वरचा तो एक रुपया आपल्याकडे बोलतो, त्याला टीप लागत नाही.

पण 5000? गोल, सरळ, मुका आकडा. त्यातून काहीच कळत नाही.

मग फोन आला

दहा मिनिटांत अनोळखी नंबरवरून फोन. माणूस घाईत होता. म्हणाला, "भाऊ, बहिणीला दवाखान्यात पाठवत होतो, एक आकडा चुकला आणि तुमच्याकडं आले. मी नंबर देतो, त्यावर टाका, लई अडचण आहे." भावाचं मन लगेच पघळलं. तो तसा आहेच. अॅपवर बोट गेलं होतं. मी त्याचा हात धरला.

का धरला ते नीट सांगतो, कारण या भागातली खरी गोष्ट तीच आहे.

अॅपमध्ये पाठवणाऱ्याचं नाव एका बाईचं होतं. फोन करणारा बाप्या होता. आणि पैसे परत टाकायला दिलेला नंबर तिसराच होता. आता यातून दोन गोष्टी निघू शकतात. एक, माणूस खरा आहे, बायकोच्या खात्यावरून पाठवत होता, आणि दवाखान्यात बहिणीच्या नंबरवर थेट हवेत. हे अगदी शक्य आहे, आपल्या घरातही असंच चालतं. दुसरी शक्यता अशी, की ते पैसे त्या बाईकडून कुणीतरी फसवून काढलेत. चोराला ते स्वतःच्या खात्यावर घ्यायचे नसतात. तो ते आधी तुमच्या खात्यावर उतरवतो, आणि तुमच्या हातानं पुढे पाठवायला लावतो. मधला माणूस तुम्ही.

पुढे काय होतं बघा. ती बाई 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करते. पोलिस आणि बँका पैशाचा माग काढत निघतात आणि पहिल्या पायरीवर तुमचं खातं सापडतं. त्या रकमेवर रोख लागते, कधी अख्खं खातं गोठतं. तुम्ही म्हणता, मी तर परत केले! पण कुणाला केले? ज्या खात्यातून आले तिथं नाही, तिसऱ्याच ठिकाणी. म्हणजे मूळ मालकाचे पाच हजार तुमच्याकडून येणं बाकीच, आणि तुमच्या खिशातले गेले ते वेगळेच. वर चोरीचा पैसा तुम्ही पुढे पाठवल्याची नोंद तुमच्या नावावर.

मग ठेवून घ्यायचे का? तेही नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 72 सांगतं, की चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो. 'त्यानं पाठवले, मी काय करू' हे चालत नाही.

आता माझा भाऊ वैतागला. "मग खरा हाय का खोटा, ते कसं कळायचं?"

मी म्हणालो, कळायची गरजच नाही. पलीकडच्याचा हेतू आपल्याला फोनवरून कळत नाही आणि तो ओळखण्यात आपण हमखास चुकतो. म्हणून असं काहीतरी करायचं, जे तो खरा असला तरी बरोबर आणि खोटा असला तरी बरोबर. ते एकच आहे: पैशाला हात लावायचा नाही, आणि पैसे आले त्याच वाटेनं, बँकेमार्फत परत जाऊ द्यायचे.

भावानं फोनवर एवढंच सांगितलं: "दादा, पैसे माझ्याकडं आहेत, मी खर्च करणार नाही. तुम्ही ज्या खात्यातून पाठवले त्या बँकेत चुकीच्या व्यवहाराची तक्रार करा. माझ्या बँकेनं विचारलं की मी हो म्हणणार." पलीकडून थोडी चिडचिड झाली, आणि फोन ठेवला गेला. पुन्हा आला नाही.

त्या दिवशी शनिवार होता. सोमवारी तो त्याच्या शाखेत गेला. साध्या कागदावर अर्ज लिहिला: माझा खाते क्रमांक, तारीख आणि वेळ, रक्कम, बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, ही रक्कम माझी नाही, पाठवणाऱ्याच्या खात्यात परत करण्यास माझी हरकत नाही. सोबत अॅपमधल्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि ज्या नंबरवरून फोन आला तो नंबर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, एवढं कशाला, टाका ना परत. पण त्यानं शिक्का घेतलाच. खातं कधी गोठलं, तर हाच कागद दाखवायचा असतो. त्यावर तारीख असते, आणि ती तारीख सांगते की विचारायच्या आधीच तुम्ही सांगितलं होतं.

तीन आठवड्यांनी बँकेतून फोन आला, त्यानं संमती दिली, आणि रक्कम मूळ खात्यात गेली. तो माणूस कोण होता हे आम्हाला आजही माहीत नाही. खरोखर दवाखान्यात अडकलेला असेल तर त्याला तीन आठवडे त्रास झाला, आणि त्याचं मला वाईटही वाटतं. पण भाऊ सुटला, आणि पैसे ज्या खात्याचे होते त्याच खात्यात गेले.

ओळखीचा माणूस, तरी मुका आकडा

इथपर्यंत अनोळखी पैशाचं झालं. पण आमच्या भागात जास्त भांडणं ओळखीच्या पैशावरून होतात.

बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला माणसं निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जायच्या आधी मुकादम उचल देतो, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आणि ती नंतर तोडीतून फिटते. पूर्वी उचल हातात मिळायची, चार माणसं बसलेली असायची, वहीत लिहिलं जायचं, अंगठा व्हायचा. आता बऱ्याचदा फोनवर पडते. वही गेली, चार माणसंही गेली, उरला आकडा.

आमच्या शेजारच्या एका जोडीला पावसाळ्यात मुकादमाकडून दहा हजार आले. एक शब्द नाही. त्यांची गेल्या हंगामाची थोडी बाकी मुकादमाकडे राहिली होती, त्यांना वाटलं तीच आली. पोराची फी भरली. दसऱ्याला मुकादम दारात: "उचल घेतली ना? मग कधी निघताय?" त्यांना त्या वर्षी जायचंच नव्हतं, पोराला शाळेत ठेवायचं होतं. तो म्हणतो उचल, हे म्हणतात बाकी. फोन उघडून बघितला तर दोघांच्याही फोनवर तेच: दहा हजार, तारीख, वेळ. दोघंही खोटं बोलत नसतील कदाचित. पण यादीत 'कशापोटी' असा रकानाच रिकामा.

इथं बँकेत जाऊन उपयोग नाही. बँकेच्या दृष्टीनं व्यवहार पूर्ण झालाय. इथं माणसालाच विचारायचं, आणि ज्या दिवशी पैसे आले त्याच दिवशी, लिहून: "दहा हजार मिळाले. गेल्या हंगामाच्या बाकीचे धरतोय. दुसरं काही असेल तर आज सांगा, पैसे परत करतो." आणि उत्तर येईपर्यंत खर्चायचे नाहीत. हे लिहायला अवघड जातं, मला कळतं. मुकादम मोठा माणूस, बाकी अडकलेली, त्याला राग आला तर? पण दसऱ्याला दारात उभं राहून बोलण्यापेक्षा पावसाळ्यात एक ओळ पाठवणं सोपं. त्या जोडीचं शेवटी गावातल्या चार माणसांत बसून मिटलं: पाच बाकीचे, पाच परत. ते पाच त्यांनी व्याजानं काढले.

एक गोष्ट वेगळी सांगतो. उचल खरोखर घेतलेली असली तरी त्या पैशापायी कुणाला जबरदस्तीनं कामाला नेता येत नाही. त्यासाठी 1976 चा वेठबिगारी पद्धत निर्मूलन कायदा आहे. हिशोब हा पैशाचा असतो, माणसाचा नाही.

आणि आपण पाठवतो तेव्हा?

आता आरसा स्वतःकडे फिरवा. आपणही मुका आकडा पाठवतोच की. समजा कृषी सेवा केंद्रात तुमच्या दोन उधाऱ्या आहेत: गेल्या वर्षीच्या खताचे 4000 आणि यंदाच्या बियाण्याचे 3000. बियाण्यावर तो व्याज लावतोय, म्हणून ते आधी फेडायचं तुमच्या मनात आहे. तुम्ही 3000 टाकता, काही न लिहिता. दुकानदार ते खताच्या उधारीत जमा करतो. चूक कुणाची?

त्याच 1872 च्या कायद्यात यावर तीन कलमं आहेत, 59 ते 61. देणाऱ्यानं सांगितलं असेल की हे अमुक उधारीचे, किंवा परिस्थितीवरून तसं उघड दिसत असेल, तर घेणाऱ्यानं ते तिथंच धरायचे. दोन्ही नसेल, तर घेणारा त्याच्या मर्जीनं कुठल्याही कायदेशीर देण्यात धरू शकतो. दोघांनीही काही ठरवलं नाही, तर जी उधारी जुनी ती आधी फिटते. दीडशे वर्षांपूर्वी यूपीआय नव्हतं, पण न बोलता पैसे देणारी माणसं होती, असं दिसतंय. वरच्या उदाहरणात रक्कम बियाण्याच्या उधारीशी तंतोतंत जुळते, म्हणून तुम्ही भांडू शकता. पण तुम्ही 2500 टाकले असते, तर भांडायला जागा फारशी राहत नाही.

म्हणून पाठवताना त्या रिकाम्या जागेत दोन-तीन शब्द टाका: 'बियाणे यंदाचे', 'खोलीभाडे जून', 'हातउसने परत'. तेवढे शब्द पुढे वर्षभर त्या आकड्याशेजारी राहतात, तुमच्याही फोनवर आणि त्याच्याही.

गडावरून निघताना काकांकडून नारळ घेतला. वीस टाकले, डबा बोलला, काकांनी मान वर केली. मी हात वर करून म्हणालो, "काका, हे माझे, नारळाचे." ते हसले आणि म्हणाले, "असं बोलत जावा की लोकांनी."

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या फोनवर असा एखादा मुका आकडा पडून असेल, तर आजच अॅप उघडून बघा, कुणाच्या नावानं आलाय ते.